शेवटची धावती नामावली काढताना: कुठे कापायचं आणि कुठे फ्रेम गोठवायची

फ्री-टू-एअर सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून चित्रपट रेकॉर्ड केला आणि त्यातला शेवटचा प्रसंग अभ्यासवर्गात दाखवण्यासाठी वेगळा काढायचा ठरवला, की एक अडचण हमखास येते. प्रसंग अजून संपलेला नसतो, पार्श्वसंगीत चालू असतं, आणि पडद्याच्या खालून नावं वर सरकायला लागतात. बघणाऱ्याची नजर पात्राच्या चेहऱ्यावरून उडते आणि सहायक प्रकाशयोजनाकाराचं नाव वाचू लागते. ज्या क्षणासाठी तुकडा दाखवायचा, तोच क्षण हातून जातो.

जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांत हा प्रश्न सहसा येत नाही. त्यांची नामावली सुरुवातीलाच दाखवली जाई आणि शेवटी फक्त ‘समाप्त’ची पाटी येई. शेवटी लांबलचक नामावली धावू लागली ती पुढच्या काळात. त्यातही काळ्या पडद्यावर धावणारी नामावली सोपी असते, कारण ती सुरू व्हायच्या आत चित्र संपलेलं असतं. खरा प्रश्न आहे तो चालत्या दृश्यावर चढणाऱ्या नावांचा, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नावं पुसून त्यांच्या मागचं चित्र परत मिळवायचा खटाटोप इथे करायचा नाही. वाहिनीचा लोगो एका कोपऱ्यात स्थिर असतो, त्यामुळे तो पुसट करणारे फिल्टर काही प्रमाणात चालतात. धावती नावं मात्र खालपासून वरपर्यंत सगळी फ्रेम ओलांडून जातात. असा फिल्टर लावला तर सगळं चित्रच बरबटतं. तेव्हा मार्ग दोनच उरतात. नावं यायच्या आत कापायचं, किंवा नावं यायच्या आधीची एक स्वच्छ फ्रेम धरून ठेवून तिच्याखाली उरलेला आवाज चालू द्यायचा.

आधी चार नेमक्या वेळा टिपून घ्या

कात्री लावण्यापूर्वी रेकॉर्डिंगमधून शेवटचा प्रसंग थोडा ऐसपैस वेगळा करून घ्या. दोन तासांच्या फाइलमध्ये फ्रेम शोधत बसण्यापेक्षा सहा मिनिटांच्या फाइलमध्ये ते काम फार सुकर होतं. एफएफएमपेग हा आज्ञा लिहून चालवायचा मोफत प्रोग्रॅम संगणकावर असेल तर एवढी आज्ञा पुरते:

```
ffmpeg -ss 01:52:30 -i recording.ts -t 00:06:00 -map 0:v:0 -map 0:a:0 -c copy drushya.mkv
```

यात `-c copy` म्हणजे चित्र आणि आवाज जसेच्या तसे उचलायचे, पुन्हा दाबायचे म्हणजे कॉम्प्रेस करायचे नाहीत. दर्जा तसूभरही घसरत नाही आणि काम काही सेकंदांत होतं. एमपीफोरऐवजी एमकेव्ही घेतलं, कारण एसडी प्रसारणात आवाज बऱ्याचदा एमपीटू प्रकारचा असतो आणि एमपीफोरमध्ये तो काही प्लेअरना वाजवता येत नाही.

आता ही फाइल अशा प्लेअरमध्ये उघडा ज्यात एकेक फ्रेम पुढे आणि मागेही जाता येतं. व्हीएलसीमध्ये `E` दाबून पुढे सरकता येतं, पण त्याच सहजतेने मागे येता येत नाही, आणि इथे मागे-पुढे करणं हेच मुख्य काम आहे. म्हणून मी एमपीव्ही वापरतो. पुढच्या फ्रेमसाठी पूर्णविरामाची कळ, मागच्या फ्रेमसाठी स्वल्पविरामाची. पडद्यावर सेकंदाचे अंशही दिसावेत म्हणून तो असा सुरू करा:

```
mpv --osd-level=3 --osd-fractions drushya.mkv
```

भारतातलं प्रसारण सेकंदाला 25 फ्रेमचं असतं, म्हणजे एक फ्रेम 0.04 सेकंदाची. पुढची सगळी मोजणी याच मापाने होते.

नमुन्यादाखल असा प्रसंग धरू. एक बाई वाड्याचा दरवाजा लावून घेते. कॅमेरा अंगणात स्थिर आहे. बासरीची सुरावट चालू आहे. दरवाजा लागल्यावर लगेच चित्र जरा काळवंडतं आणि त्यावर नावं चढू लागतात. बासरी मात्र अजून संपलेली नाही. यातल्या चार वेळा कागदावर उतरवायच्या.

पहिली, कृती पूर्ण होण्याची. दरवाजाच्या दोन्ही फळ्या टेकतात 4:10.80 ला.

दुसरी, चित्रात ढवळाढवळ सुरू होण्याची, आणि हीच नेमकी नजरेतून सुटते. अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून नामावली येण्याआधी मागचं चित्र हळूहळू अंधुक केलेलं असतं. काही वाहिन्या तर चित्र आक्रसून एका बाजूला सरकवतात आणि उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लावतात. आपल्या नमुन्यात अंधुकपणा सुरू होतो 4:11.60 ला. तो ओळखायचा तर चित्रातली सगळ्यात उजळ जागा धरा, इथे भिंतीचा चुना, आणि तिच्याकडेच बघत फ्रेम पुढे-मागे करा. संपूर्ण चित्राकडे बघत राहिलं तर सुरुवातीच्या चार-पाच फ्रेममधला फरक कळत नाही.

तिसरी, पहिलं अक्षर दिसण्याची. ते अक्षर म्हणून दिसत नाही. फ्रेमच्या अगदी तळाशी एक बारीक पांढरी रेघ उमटते, ती अक्षराच्या डोक्याची. इथे ती वेळ 4:12.48. टीव्हीवर कडेचा थोडा भाग झाकला जातो म्हणून घरी बघताना ही रेघ दिसली नसेल, पण प्रोजेक्टरवर ती स्पष्ट दिसेल.

चौथी वेळ कानांनी शोधायची. बासरीची सुरावट कुठे विसावते? ती 4:19 ला शेवटच्या सुरावर येऊन थांबते आणि त्यापाठोपाठ नामावलीचं वेगळं गाणं सुरू होतं.

या चार आकड्यांवरच पुढचा निर्णय ठरतो. दुसऱ्या आणि चौथ्या वेळेत फारसं अंतर नसेल, म्हणजे चित्र खराब होईपर्यंत आवाजही संपलेला असेल, तर निव्वळ कापायचं. आपल्या नमुन्यात ते अंतर जवळपास साडेसात सेकंदांचं आहे. 4:11 ला कापलं तर बासरी अर्ध्यावर तुटेल. अशा ठिकाणी फ्रेम गोठवणं कामी येतं. तरीही आधी कापण्याची रीत बघू, कारण बहुतेक तुकड्यांना तीच पुरते.

कापणं: शेवट कापणं सुरुवात कापण्यापेक्षा सोपं

पुन्हा न दाबता व्हिडिओ कापला की नेमक्या फ्रेमवर कापला जात नाही, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते सुरुवातीच्या टोकाबद्दल खरं आहे. शेवटच्या टोकाबद्दल ते जवळजवळ खोटं आहे, आणि नामावली काढणाऱ्याला हा फरक माहीत असायला हवा.

दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अर्ध्या-एक सेकंदाने, कधी दोन सेकंदांनी एक पूर्ण फ्रेम येते, तिला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. त्यामुळे तुकड्याची सुरुवात की-फ्रेमवरच करावी लागते, नाहीतर प्लेअरला बदल कशावर चढवायचे तेच कळत नाही. शेवटी मात्र तसं बंधन नाही. आधीचं सगळं हाताशी असतं, मग पुढचं कुठेही तोडलं तरी मागचं शाबूत राहतं. म्हणून नामावली कापण्यासाठी सबंध तुकडा पुन्हा दाबण्याची गरज नसते.

‘जवळजवळ’ म्हटलं त्याला कारण आहे. काही फ्रेम फाइलमध्ये दिसण्याच्या क्रमाने ठेवलेल्या नसतात. पुढची फ्रेम आधी साठवायची आणि तिच्या आधाराने मधल्या रचायच्या, अशी पद्धत असते. त्यामुळे सांगितलेल्या वेळेनंतरच्या एक-दोन फ्रेम कधी कधी शेपटीसारख्या येतात. कापण्याची जागा अंधुकपणा सुरू होण्याआधी दहाएक फ्रेम, म्हणजे 0.4 सेकंद मागे धरली की ही शेपटी आली तरी स्वच्छ चित्राचीच असते. आपल्या नमुन्यात 4:11.60 मधून 0.40 वजा केले की 4:11.20, म्हणजे 251.2 सेकंद:

```
ffmpeg -i drushya.mkv -t 251.2 -c copy kaplela.mkv
```

आज्ञा लिहिण्याची सवय नसेल तर लॉसलेसकट हा मोफत प्रोग्रॅम हेच काम माऊसने करतो. सुरुवातीला `I`, शेवटाला `O` आणि बाहेर काढायला `E`. आत तोही एफएफएमपेगच चालवतो. एसडी प्रसारणातला एमपेग-टू व्हिडिओ त्यात थोडा अडखळत दिसतो, पण बाहेर पडणारी फाइल मूळ दर्जाचीच असते.

असा तुकडा चित्रासह आवाजही एका क्षणात तोडतो. शेवटी शांतता असेल, पावलांचा आवाज विरून गेलेला असेल, तर काही बिघडत नाही. पण मागे पावसाची रिपरिप, रातकिड्यांचा आवाज किंवा तानपुरा असेल तर तो तुटलेला लगेच कानाला खटकतो. तेव्हा आवाज हळू विरवावा लागतो, आणि त्यासाठी आवाज पुन्हा दाबावा लागतो. चित्राला तरीही हात लावायचा नाही:

```
ffmpeg -i drushya.mkv -t 251.2 -c:v copy -af "afade=t=out:st=250.2:d=1" -c:a aac -b:a 192k kaplela.mkv
```

एका सेकंदाची उतरण पार्श्वध्वनीला पुरते. संगीत चालू असेल तर एक सेकंद कमी पडतो, दोन-तीन लागतात. पण तेवढी जागाच नसते, कारण त्याच दोन-तीन सेकंदांत शेवटचं वाक्य किंवा दरवाजाचा आवाज असतो आणि उतरण त्यालाही गिळते. कापून भागणार नाही, हे बऱ्याचदा इथेच लक्षात येतं.

फ्रेम गोठवणं कधी बरं

माझ्या मते त्याचं मुख्य कारण नेहमी आवाजातच असतं. ऐकण्यासारखं काही उरलं असेल तरच फ्रेम धरून ठेवा. संगीताची सुरावट समेवर यायची असेल, निवेदकाचं शेवटचं वाक्य नावांच्या खाली चालू असेल, किंवा दूर जाणाऱ्या गाडीची शिटी विरायची असेल, तर स्थिर चित्रावर तो आवाज पूर्ण होऊ द्यावा. ऐकण्यासारखं काही नसताना केवळ ‘शेवट अचानक वाटतो’ म्हणून फ्रेम गोठवली, तर बघणाऱ्याला त्यात अर्थ दिसू लागतो. गोठलेली फ्रेम हे चित्रपटाच्या भाषेतलं ठळक विधान आहे. दिग्दर्शकाने न केलेलं विधान त्याच्या तोंडी घालू नये. अशा वेळी साधी अर्ध्या-पाऊण सेकंदाची काळ्यात उतरण जास्त प्रामाणिक वाटते.

दुसरी अट चित्राची. कॅमेरा स्थिर हवा, निदान थांबत आलेला हवा, आणि चौकटीतली हालचाल विसावलेली हवी. कॅमेरा सरकत असताना फ्रेम धरली की डोळ्यांना धक्का बसतो, जणू प्लेअर अडकला. प्रोजेक्शन करणारा माणूस दचकून कळ दाबायला धावतो, असंही होतं. वाऱ्याने हलणारी झाडं, वाहतं पाणी, आग, धूर, पाऊस यांनी चौकट भरलेली असेल तर स्थिर कॅमेराही उपयोगाचा नाही. पाण्याचा थेंब हवेत लटकलेला दिसतो आणि फसवणूक लगेच कळते. दरवाजा, रिकामं अंगण, पाठमोरी बसलेली व्यक्ती, दूरचा डोंगर, अशा चित्रांवर मात्र पाच सेकंदांपर्यंतची स्थिरता कोणाच्या लक्षातही येत नाही.

दोन्ही अटी एकमेकींच्या विरुद्ध जात असतील, म्हणजे संगीत अजून दहा सेकंद आहे आणि कॅमेरा गर्दीतून धावतोय, तर दोन्ही मार्ग सोडून द्या. नावांसकट तुकडा दाखवा, किंवा आधीच्या शॉटच्या शेवटी थांबा आणि तिथपर्यंतच्या प्रसंगावर बोला. ओढूनताणून केलेला शेवट नावांपेक्षा जास्त लक्ष विचलित करतो.

कुठली फ्रेम धरायची

शेवटची स्वच्छ फ्रेम आणि सगळ्यात चांगली फ्रेम एकच असते असं नाही. आपल्या नमुन्यात अंधुकपणा 4:11.60 ला सुरू होतो, म्हणजे 4:11.56 ची फ्रेम शेवटची स्वच्छ. पण कृती 4:10.80 लाच पूर्ण झाली आहे. या दोन वेळांच्या मध्ये 19 फ्रेम मिळतात आणि त्यांतून निवडायचं आहे. मी सहसा कृती संपल्यानंतर दहा फ्रेम सोडून बघायला सुरुवात करतो, कारण दरवाजा टेकल्यावरही फळीची थरथर आणि साडीचा पदर काही फ्रेम हलत असतो. इथे 4:11.20 ची फ्रेम बरी वाटते. दरवाजा शांत आहे आणि अंधुकपणा अजून दहा फ्रेम दूर आहे.

चेहरा असेल तर डोळे बघा. अर्धवट मिटलेली पापणी हलत्या चित्रात दिसत नाही, गोठल्यावर तेच सगळ्यात आधी दिसतं. शेजारच्या फ्रेममध्ये चित्र कमी-जास्त स्वच्छ असतं, तेही पाहा. की-फ्रेम आणि तिच्यालगतच्या फ्रेम जास्त स्वच्छ, मधल्या काही फ्रेममध्ये सावलीत चौकोनी ठोकळे. चालत्या चित्रात डोळा हा फरक सरासरीत विसरतो. पाच सेकंद एकच फ्रेम समोर राहिली की ठोकळे मोजता येतात.

आणखी एक तपासणी एसडी रेकॉर्डिंगसाठी लागते. ते प्रसारण इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेमच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असू शकतात. हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर तसं आहे असं समजा. ही फ्रेम गोठवली तर ते दात पडद्यावर तसेच राहतात, आणि काही टीव्हींवर दोन क्षणांमध्ये थरथरत राहतात. चित्रपट मुळात फिल्मवर किंवा पूर्ण फ्रेमने चित्रित झालेला असेल, तर प्रसारण इंटरलेस्ड असूनही दोन्ही ओळी एकाच क्षणाच्या असतात आणि दात दिसत नाहीत. तेव्हा आधी बघा. दात दिसले तरच डीइंटरलेस करा, म्हणजे ते दात मिटवा, उगाच केलं तर उभी स्पष्टता थोडी जाते. बघताना तुमच्या प्लेअरमधलं डीइंटरलेसिंग बंद असल्याची खात्री करा, एमपीव्हीमध्ये ती कळ `d` आहे.

प्रत्यक्ष करणं

4:11.20 ची फ्रेम धरायची आणि बासरी 4:19 ला संपेपर्यंत ठेवायची. सेकंदांत 251.20 आणि 259. धरलेली फ्रेम मोजणीत यावी म्हणून चित्र तिच्यानंतर लगेच, 251.24 ला तोडायचं. मग 259 मधून 251.24 वजा केले की 7.76 सेकंद फ्रेम ताणायची. पावणेआठ सेकंदांची निव्वळ स्थिरता फार होते, म्हणून 256 व्या सेकंदापासून तीन सेकंदांत चित्र काळ्यात उतरवायचं. प्रत्यक्षात पाचेक सेकंदच ते पूर्ण उजेडात स्थिर दिसतं.

```
ffmpeg -i drushya.mkv -filter_complex "[0:v]bwdif=mode=send_frame,trim=end=251.24,tpad=stop_mode=clone:stop_duration=7.76,fade=t=out:st=256:d=3[v];[0:a]atrim=end=259,afade=t=out:st=258:d=1[a]" -map "[v]" -map "[a]" -c:v libx264 -crf 18 -preset slow -c:a aac -b:a 192k shevat.mp4
```

`bwdif` म्हणजे डीइंटरलेस. कंगव्याचे दात नसतील तर तो शब्द, त्याचा पर्याय आणि पुढचा स्वल्पविराम काढून टाका. `trim` चित्र तोडतो, `tpad` शेवटची फ्रेम पुढे ताणतो, `fade` काळ्यात उतरवतो. आवाज स्वतंत्र वाटेने 259 पर्यंत अखंड चालतो. त्याला कुठेही जोड नाही, म्हणून शेवटच्या सेकंदापर्यंत बासरी जशी होती तशीच ऐकू येते. शेवटच्या सेकंदातली छोटी उतरण सुरावटीसाठी नाही. पुढच्या गाण्याचा एखादा ठोका आधीच ऐकू येऊ नये म्हणून ती आहे. इथे चित्र पुन्हा दाबावंच लागतं. दर्जा ठरवणारं `-crf 18` ठेवलं तर एसडी रेकॉर्डिंगमध्ये नुकसान डोळ्यांना जाणवत नाही.

फिल्मवरच्या चित्रपटात आणखी एक बारकावा असतो. हलत्या चित्रात फिल्मचे कण सतत वळवळत असतात. फ्रेम गोठली की कणही गोठतात आणि चित्र एकदम निर्जीव दिसू लागतं, विशेषतः करड्या भिंतीवर किंवा आभाळात. म्हणून `tpad` नंतर आणि `fade` च्या आधी थोडा हलता कण घालावा, फक्त गोठलेल्या भागावर:

```
noise=alls=5:allf=t:enable='gte(t,251.24)'
```

5 हा आकडा तुमच्या रेकॉर्डिंगप्रमाणे 3 ते 8 मध्ये हलवून पाहा. योग्य आकडा तो, ज्यात गोठण्याचा क्षण शोधावा लागतो. डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या स्वच्छ चित्रपटाला याची गरज नाही.

संपादनाच्या खिडकीत काम करणाऱ्यांसाठी रीत तीच, साधन वेगळं. डाविंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्हमध्ये क्लिप धरायच्या फ्रेमवर तोडा, त्या फ्रेमची स्थिर क्लिप करा, ती आवाजाच्या शेवटापर्यंत ओढा. त्याआधी चित्र आणि आवाज एकमेकांपासून सुटे करायला विसरू नका, नाहीतर चित्र तोडताना बासरीही तुटते. मोबाइलवरच्या बऱ्याच संपादन अ‍ॅपमध्ये फ्रीझ नावाचं बटण असतं. ते काही सेकंदांची स्थिर क्लिप मध्ये घालतं, पण ती घातल्यावर मूळ आवाज पुढे ढकलला जातो आणि स्थिर भाग मुका राहतो. तेव्हा आधी आवाज वेगळ्या पट्टीवर काढा, मगच ते बटण दाबा.

फ्रेमचा फोटो काढून तो पुन्हा टाइमलाइनवर आणायची पद्धतही चालते, पण तिच्यात दोन खोड्या आहेत. एसडी चित्र 720 बाय 576 बिंदूंचं असतं आणि बिंदू चौरस नसतात. रुंद पडद्याचं चित्र प्रत्यक्षात 1024 बाय 576 इतकं पसरून दाखवलं जातं, जुनं 4:3 चित्र 768 बाय 576 इतकं. फोटोत ही पसरण्याची सूचना बऱ्याचदा हरवते. मग गोठण्याच्या क्षणी बाईचा चेहरा आणि दरवाजा एकदम बारीक होतात. फोटोची रुंदी 1024 किंवा 768 करून घेतली की हे सुटतं. दुसरी खोडी रंगाची. व्हिडिओतला काळा आणि फोटोतला काळा वेगळ्या मापाने मोजला जातो, त्यामुळे गोठताना चित्र किंचित उजळतं किंवा गडद होतं. जेपीजीऐवजी पीएनजी घेतलं तर ठोकळे वाढत नाहीत, पण रंगाची उडी त्याने थांबतेच असं नाही. वरच्या आज्ञेत फोटो मध्ये येतच नाही, म्हणून मला ती वाट जास्त पसंत आहे.

नावं काढली, तरी नावं द्या

नामावलीत ज्यांची नावं असतात त्यांचं कामच आपण दाखवत असतो. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 52 खासगी वापर, अभ्यास, समीक्षा यांसाठी उचित वापराची मुभा देतं. ती मुभा म्हणजे संपादित तुकडा सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकण्याचा परवाना नव्हे. त्याच कायद्यात निर्मात्या लेखकाला कलम 57 आणि कलाकाराला कलम 38ब स्वतःच्या कामाशी आपलं नाव जोडलेलं राहावं असा हक्क देतात. म्हणून तुकड्याच्या सुरुवातीला चित्रपटाचं नाव, वर्ष, दिग्दर्शक, छायालेखक, संगीतकार आणि दिसणारे कलाकार यांची एक साधी पाटी ठेवा. पाटीत ‘शेवटची फ्रेम आम्ही धरून ठेवली आहे’ असंही लिहा, म्हणजे विद्यार्थी ती दिग्दर्शकाची निवड समजून तिच्यावर निबंध लिहिणार नाहीत. मूळ रेकॉर्डिंग नामावलीसकट जपून ठेवा. पाटीवरची नावं तपासायची वेळ आली की तेच कामी येतं. काही सेट-टॉप बॉक्सचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालेल असं कुलूपबंद असतं. ते उघडण्याच्या मागे लागू नका, त्या चित्रपटाची अधिकृत प्रत मिळवा.

दाखवण्याआधी

शेवटचे दहा सेकंद मोठ्या पडद्यावर बघा, जमल्यास त्याच प्रोजेक्टरवर:

```
mpv --start=-10 shevat.mp4
```

पहिल्यांदा नुसतं बघा, कळ दाबू नका. चित्र कुठे थांबलं ते तुम्हाला माहीत असूनही जाणवलं नाही तर काम जमलं. जाणवलं तर बहुधा फ्रेम चुकीची आहे, म्हणून आधी पाच-सहा फ्रेम मागे-पुढे करून पाहा, कण आणि उतरण नंतर हलवा. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. बासरीच्या शेवटच्या सुरानंतर पुढच्या गाण्याचा श्वास किंवा तबल्याचा ठोका आला तर 259 चा आकडा अर्ध्या सेकंदाने कमी करा आणि `st=258` व 7.76 हे आकडेही तेवढ्याच मापाने कमी करा. चित्राची उतरणही अर्धा सेकंद आधी सुरू करा, नाहीतर चित्र पूर्ण काळं व्हायच्या आतच फाइल संपेल.

निव्वळ कापलेल्या तुकड्यासाठी शेपटीची वेगळी तपासणी करा. शेवटच्या सेकंदातल्या सगळ्या फ्रेम फोटो म्हणून बाहेर काढा:

```
ffmpeg -sseof -1 -i kaplela.mkv ant-%02d.png
```

पंचविसेक फोटो मिळतील. शेवटचे सहा-सात मोठे करून फक्त तळाची कड आणि भिंतीचा चुना बघा. तळाशी पांढरी रेघ किंवा चुना मंदावलेला दिसला तर `-t` चा आकडा आणखी 0.2 ने कमी करा आणि पुन्हा कापा. मूळ `drushya.mkv` तशीच असल्याने हे कितीही वेळा करता येतं.